जीएम काउंटरचा डेड टाइम: काउंट रेट जास्त असताना करेक्शन कसं करायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दर सेमिस्टरला न्यूक्लिअर लॅब सुरू झाली की ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल अशा सगळीकडच्या एमएस्सीच्या मुलामुलींचे तेच तेच प्रश्न येतात, बहुतेक वेळा जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री. म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. उदाहरणांमधले आकडे एकाच ट्यूबचे आहेत, म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्यात जाताना गोंधळ होणार नाही.

१. डेड टाइम म्हणजे नक्की काय, आणि जीएम ट्यूबमध्येच तो इतका मोठा का असतो?

ट्यूबमध्ये एक कण शिरला की गॅसमध्ये आयनायझेशन होतं, इलेक्ट्रॉन मधल्या तारेकडे धावतात आणि तारेजवळ अॅव्हलांश होतो. जीएममध्ये तो एका जागी थांबत नाही, त्यातून निघणारे अल्ट्राव्हायोलेट फोटॉन पुढे पुढे नवे अॅव्हलांश पेटवत जातात आणि बघता बघता पूर्ण तारेची लांबी व्यापली जाते. इलेक्ट्रॉन मायक्रोसेकंदाच्या आतच तारेवर गोळा होतात, पण पॉझिटिव्ह आयन जड आणि संथ, ते तारेभोवती एक नळीसारखं आवरण करून हळूहळू कॅथोडकडे सरकतात. हे आवरण तारेजवळ असेपर्यंत तिथलं इलेक्ट्रिक फील्ड इतकं पडलेलं असतं की दुसरा कण आला तरी नवा डिस्चार्ज होऊच शकत नाही. हा आंधळा काळ म्हणजे डेड टाइम, साधारण ५० ते ३०० मायक्रोसेकंद.

त्यानंतर लगेच सगळं पूर्ववत होत नाही. काही काळ छोटे पल्स येतात आणि ते स्केलरच्या थ्रेशोल्डच्या वर गेले तरच मोजले जातात. म्हणून काउंटिंगमध्ये आपण जो `τ` वापरतो तो खरं तर ट्यूब आणि स्केलर दोघांचा मिळून असतो, त्याला रिझॉल्व्हिंग टाइम म्हणतात. लॅबमध्ये सगळे त्यालाच डेड टाइम म्हणतात, खाली मीही तसंच म्हणतोय (फरक कुठे टोचतो ते प्रश्न १० मध्ये).

२. करेक्शन कधीपासून करायचं? आमचे काउंट्स तर फार नाहीत.

मोजलेला रेट `m` आणि `τ` यांचा गुणाकार करून बघा, `mτ` म्हणजे एकूण वेळेतला किती हिस्सा ट्यूब आंधळी होती ते. आपल्या उदाहरणातल्या ट्यूबचा `τ` १४९ मायक्रोसेकंद आहे. सेकंदाला १०० काउंट्स असतील तर हा हिस्सा दीड टक्का, म्हणजे करेक्शन केलं नाही तरी प्लॅटो काढण्यासारख्या प्रयोगात काही बिघडत नाही. सेकंदाला १००० झाले की जवळपास १५ टक्के वेळ ट्यूब बंद असते आणि खरा रेट ११७५ च्या आसपास असतो, तिथे करेक्शन न करता इन्व्हर्स स्क्वेअर लॉ किंवा अॅब्सॉर्प्शनचा ग्राफ काढलात तर रेट जास्त असलेल्या बाजूला तो वाकणारच, आणि मग 'सोर्सच असा आहे सर' असं ऐकायला मिळतं.

माझा साधा नियम असा की तुमच्या प्रयोगात जितकी अचूकता हवी आहे त्यापेक्षा `mτ` मोठा झाला की करेक्शन करायचंच.

३. साधा फॉर्म्युला कोणता, आणि युनिटचा घोळ कसा टाळायचा?

कॉलेजच्या बहुतेक कामाला हा पुरतो:

```
n = m / (1 - m*tau)
```

`n` म्हणजे खरा रेट. फॉर्म्युला येतो कुठून ते बघा: सेकंदाला `m` पल्स मोजले, प्रत्येकामागे `τ` इतका वेळ वाया गेला, म्हणजे त्या सेकंदात ट्यूब खरोखर जागी होती फक्त `1 - mτ` इतका वेळ, आणि मोजलेले सगळे पल्स त्या जाग्या वेळेतले आहेत. म्हणून त्या वेळेने भागायचं.

युनिटचा घोळ असा होतो की स्केलरवर वाचन मिनिटाला असतं आणि `τ` मायक्रोसेकंदात, दोन्ही तसेच टाकले की छेद ऋण येतो नाहीतर करेक्शन अदृश्य होतं. सगळं सेकंदात आणा, एवढंच. मिनिटातच काम करायचा हट्ट असेल तर १४९ मायक्रोसेकंद म्हणजे साधारण `2.48e-6` मिनिट.

४. पॅरलायझेबल आणि नॉन-पॅरलायझेबल यातलं आमची ट्यूब कोणती?

नॉन-पॅरलायझेबल मॉडेलमध्ये ट्यूब बंद असताना आलेला कण नुसता वाया जातो, ट्यूब ठरल्या वेळी परत जागी होते. पॅरलायझेबलमध्ये तो वाया तर जातोच, वर बंद काळ पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, सोसायटीच्या लिफ्टचा दरवाजा बंद होत असताना दर वेळी कोणीतरी हात घालावा तसं. प्रश्न ३ मधला फॉर्म्युला पहिल्या मॉडेलचा, दुसऱ्याचा असा:

```
m = n * exp(-n*tau)
```

खरी जीएम ट्यूब या दोघांच्या मधे कुठेतरी असते. पण रेट माफक असेल तर दोघांत फार फरक पडत नाही. आपल्या ट्यूबला खरा रेट १४६१ असेल तर पहिलं मॉडेल म्हणतं स्केलरवर १२०० दिसतील, दुसरं म्हणतं ११७५, म्हणजे दोन टक्क्यांचा फरक. खरा रेट ३००० वर नेला की आकडे होतात २०७३ आणि १९१९, आता मात्र मॉडेल कोणतं घेतलं ते जर्नलमध्ये लिहावंच लागतं.

दुसऱ्या मॉडेलमध्ये `n` काढायला सरळ सूत्र नाही, पण हे तीन ओळींचं काम आहे:

```
n = m
for i in range(50):
    n = m * math.exp(n * tau)
```

हे नेहमी लहान उत्तरावर जाऊन थांबतं. मोठं उत्तरही असतं, आणि ते धोक्याचं असतं, त्यासाठी प्रश्न १३ बघा. आणि `m` हा `1/(eτ)` पेक्षा मोठा टाकलात तर उत्तरच नसतं, आकडा फुगत जातो, म्हणजे हे मॉडेल तुमच्या ट्यूबला बसत नाही असं समजा.

५. टू-सोर्स मेथडने डेड टाइम काढताना नक्की काय क्रम ठेवायचा?

आधी सोर्स १ एकटा मोजा. मग त्याला अजिबात हात न लावता शेजारी सोर्स २ ठेवा आणि दोन्ही मिळून मोजा. मग सोर्स १ उचला, सोर्स २ तिथेच, आणि तो एकटा मोजा. शेवटी दोन्ही काढून बॅकग्राउंड. हा क्रम एवढ्यासाठी की कोणताही सोर्स दोन वाचनांच्या मधे हललेला नसतो. 'एक मोजला, काढला, दुसरा मोजला, मग दोन्ही परत ठेवले' असं केलंत तर एकाददुसऱ्या मिलिमीटरच्या फरकाने तुमचं सगळं गणित वाहून जातं, कारण आपण इथे दोन मोठ्या संख्यांमधला छोटा फरक शोधतोय.

अर्ध्या चकतीचे जोडसोर्स असतील तर उत्तम, त्याबरोबर एक कोरी अर्धी चकती पण येते, एकटा सोर्स मोजताना दुसऱ्या खाचेत ती ठेवायची म्हणजे स्कॅटरिंग सारखं राहतं. ही चकती ड्रॉवरमध्ये मागे कुठेतरी पडलेली असते, लॅब असिस्टंट काकांना विचारा, ते काढून देतील.

व्होल्टेज प्लॅटोच्या मधे ठेवा आणि नंतर तेच कायम ठेवा. `τ` व्होल्टेजवर अवलंबून असतो, ज्या व्होल्टेजला मोजला त्याच व्होल्टेजला वापरायचा. स्केलर बदलला तरी परत मोजायचा.

६. एकाच रीडिंगवरून मला एका फॉर्म्युल्याने २२६ आणि दुसऱ्याने १३२ मायक्रोसेकंद आले. बरोबर कोणतं?

दोन्ही चूक. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण वर्षानुवर्षं एकाच्या जर्नलवरून दुसऱ्याच्या जर्नलमध्ये हे फॉर्म्युले उतरत आलेत आणि ते कुठपर्यंत चालतात ते बरोबर उतरत नाही. आकडे घेऊन बघूया. प्रत्येक वाचन ३०० सेकंदांचं:

सोर्स १ ला २,६१,२०४ काउंट्स, सोर्स २ ला २,३७,५१०, दोन्ही मिळून ४,४३,९२८, बॅकग्राउंड १५०. म्हणजे सेकंदाला `m1` ८७०.७, `m2` ७९१.७, `m12` १४७९.८ आणि बॅकग्राउंड अर्धा. एकट्या-एकट्याची बेरीज १६६२.४ होते आणि एकत्र दिसतात फक्त १४७९.८, बॅकग्राउंड वजा जाता सेकंदाला सुमारे १८२ काउंट्स हरवलेत. या हरवलेल्या १८२ मधूनच `τ` काढायचा आहे.

पहिला प्रचलित फॉर्म्युला:

```
tau = (m1 + m2 - m12 - mb) / (m12**2 - m1**2 - m2**2)
```

याने येतात २२६ मायक्रोसेकंद. दुसरा प्रचलित फॉर्म्युला:

```
tau = (m1 + m2 - m12 - mb) / (2*m1*m2)
```

याने १३२. आता दोघांचं मूळ बघा. दोन्हीत `mτ` एकपेक्षा खूप लहान आहे असं धरून `1/(1 - mτ)` चं एक्स्पान्शन पहिल्या टर्मला तोडलेलं आहे. `mτ` एक-दोन टक्के असेल तर छेदातल्या दोन्ही गोष्टी जवळपास सारख्या येतात आणि उत्तरंही जुळतात. पण इथे दोन्ही सोर्स मिळून `mτ` आहे ०.२२. तोडलेल्या टर्म्स आता लहान राहिल्या नाहीत, आणि एक फॉर्म्युला उत्तर वर ढकलतो, दुसरा खाली.

एक्स्पान्शन न तोडता, नॉन-पॅरलायझेबल मॉडेलमध्ये खरे रेट `n1 + n2 = n12` असं मांडून गणित पुरं केलं (बॅकग्राउंड इतका कमी आहे की सोडून देता येतो) तर हे मिळतं:

```
P = m1 * m2
tau = (P - math.sqrt(P*(m12-m1)*(m12-m2))) / (P*m12)
```

आकडे टाका: `P` साधारण ६,८९,३१७, वर्गमूळ साधारण ५,३७,४७७, वजाबाकी १,५१,८४०, आणि त्याला `P*m12` ने भागलं की १४९ मायक्रोसेकंद. बॅकग्राउंडसकटचं पूर्ण सूत्र वापरलं तरी तिसऱ्या आकड्यातसुद्धा जेमतेम फरक पडतो.

याचा परिणाम काय? समजा नंतर एका सॅम्पलचा रेट १२०० आला. १४९ ने करेक्शन केलं तर खरा रेट १४६१, २२६ ने केलं तर १६४६, म्हणजे जवळजवळ १३ टक्के जास्त, फक्त फॉर्म्युल्यामुळे. शेवटचं सूत्र कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे, तोडलेली सूत्रं वापरायचं आता काही कारण उरलेलं नाही.

पडताळा असा घ्या: मिळालेल्या `τ` ने `m1`, `m2`, `m12` तिन्ही करेक्ट करा आणि पहिल्या दोघांची बेरीज तिसऱ्याशी जुळते का बघा. १४९ ला जुळेल. २२६ ला नाही, आणि हे व्हायवामध्ये दाखवलंत तर परीक्षक पुढचा प्रश्न विचारणारच नाहीत.

७. माझा डेड टाइम निगेटिव्ह आला. ट्यूब खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही, सोर्स दुबळे आहेत. समजा दोन्ही सोर्स सेकंदाला २०-२० काउंट्सच देतात. १४९ मायक्रोसेकंदाने हरवणारे काउंट्स सेकंदाला ०.१२, म्हणजे ३०० सेकंदांत ३६ च्या आसपास. आणि तिन्ही वाचनांचे मिळून २४,००० काउंट्स, त्याची स्टॅटिस्टिकल अनिश्चितता १५५. जे शोधतोय ते ३६ आणि गोंधळ १५५ चा, उत्तर पॉझिटिव्ह येईल की निगेटिव्ह हे निव्वळ नशीब. सोर्स जवळ आणा, वेळ वाढवा. प्रश्न ६ मधल्या रेटला हीच अनिश्चितता हरवलेल्या काउंट्सच्या दोन टक्क्यांपेक्षा कमी आहे, तिथे `τ` व्यवस्थित मिळतो.

रेट भरपूर असूनही निगेटिव्ह आला तर मात्र आधी सोर्स हलला का ते बघा (प्रश्न ५), नंतर खोट्या पल्सचा संशय घ्या. ट्यूब जुनी झाली की क्वेंच गॅस संपत येतो आणि एका खऱ्या पल्सच्या मागे दुसरा खोटा पल्स लागतो. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे एक वेगळंच प्रकरण असतं, खाडीकडून येणारी दमट हवा आणि एसी बंद असलेली लॅब, हाय व्होल्टेजच्या कनेक्टरवर ओल धरते आणि लीकेजचे पल्स मोजले जातात. खूण अशी की सोर्स नसतानाही बॅकग्राउंड नेहमीपेक्षा बराच जास्त आणि उड्या मारत येतो, आणि प्लॅटो सपाट न राहता चढायला लागतो. व्होल्टेज शून्यावर आणून, थोडं थांबून, कनेक्टर कोरडा पुसा, मग परत बॅकग्राउंड घ्या. तो जागेवर येईपर्यंत डेड टाइमच्या मागे लागू नका.

८. बॅकग्राउंड आधी वजा करायचा की डेड टाइम करेक्शन आधी?

आधी करेक्शन, मग वजाबाकी. ट्यूबला सोर्सचा पल्स आणि बॅकग्राउंडचा पल्स यातला फरक कळत नाही, दोन्हीमुळे ती तितकीच बंद होते, म्हणून फॉर्म्युल्यात जायला हवा तो सगळा मिळून मोजलेला रेट. बॅकग्राउंडचं वाचन वेगळं करेक्ट करून (तो इतका कमी असतो की करेक्शन नावालाच) मग वजा करा. बॅकग्राउंड सेकंदाला अर्धा असताना क्रम उलटा झाला तरी काही दिसत नाही, पण शेजारच्या टेबलावर दुसऱ्या ग्रुपचा कोबाल्ट सोर्स उघडा असेल तर दिसतं.

९. करेक्शन केल्यावर एरर कशी लिहायची? अजूनही काउंट्सचं वर्गमूळ चालेल का?

नाही, करेक्ट केलेल्या `n` चं वर्गमूळ घेणं तर साफ चूक, कारण ते काउंट्स तुम्ही मोजलेलेच नाहीत. मोजणीचा वेळ `T` असेल तर नॉन-पॅरलायझेबल मॉडेलमध्ये स्टॅटिस्टिक्सचा हिस्सा असा येतो:

```
sigma_stat = sqrt(m/T) / (1 - m*tau)
```

छेदात वर्ग नाही हे बघून काहीजण विचारतात, कारण साधं डिफरन्शिएशन केलं की वर्ग येतो. पण डेड टाइममुळे मोजलेले काउंट्स थोडे एकसारख्या अंतराने पडतात, त्यांचा पसारा पॉइसनपेक्षा कमी होतो, आणि एक घटक कटतो.

दुसरा हिस्सा `τ` च्या स्वतःच्या एररचा, तो `n**2 * sigma_tau`. आता आपलं १२०० चं उदाहरण घ्या, एक मिनिट मोजलेलं. पहिला हिस्सा येतो सेकंदाला ५.४, आणि `τ` ची एरर ३ मायक्रोसेकंद धरली (प्रश्न ६ च्या वाचनांतून साधारण तेवढीच येते) तर दुसरा ६.४. म्हणजे सॅम्पल दहा मिनिटं मोजलंत तरी एकूण एरर ६.४ च्या खाली जाणार नाही, तो जास्तीचा वेळ टू-सोर्सच्या वाचनांना दिला असता तर उपयोग झाला असता. शिवाय ही दुसरी एरर सगळ्या वाचनांना एकाच दिशेने लागते, सरासरीने ती कमी होत नाही, म्हणून जर्नलमध्ये दोन्ही वेगळ्या लिहा.

१०. ऑसिलोस्कोपवर डेड टाइम १०० च्या आसपास दिसतो आणि टू-सोर्सने १४९ येतो. कोणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवर, दोघं वेगळी गोष्ट मोजतायत. स्कोप पल्सवर ट्रिगर करून, पर्सिस्टन्स लावून थोडा वेळ बघत बसा, फार सुंदर चित्र येतं: डावीकडे पूर्ण उंचीचा पल्स, मग काही काळ सपाट रिकामी जागा, मग अगदी बारीक पल्स उगवायला लागतात आणि उजवीकडे जाताना उंच उंच होत पुन्हा पूर्ण उंचीला पोचतात, त्यांच्या टोकांची एक चढती कमान दिसते. स्टीव्हर यांनी १९४२ मध्ये हे प्रसिद्ध केलं, म्हणून त्याला स्टीव्हर पॅटर्न म्हणतात. रिकामी जागा म्हणजे खरा डेड टाइम. पण ते बारीक पल्स स्केलरच्या थ्रेशोल्डखाली असतात, कमान थ्रेशोल्डची रेघ जिथे ओलांडते तिथपर्यंतचा वेळ म्हणजे रिझॉल्व्हिंग टाइम, आणि काउंट्स करेक्ट करायला लागतो तो हाच, म्हणजे १४९.

प्रोब लावताना पल्स आउटपुटलाच लावा, हाय व्होल्टेजच्या टोकाला नाही, तिथे शेकडो व्होल्ट असतात.

११. आमच्याकडे एकच सोर्स आहे. डेड टाइम बरोबर आहे की नाही हे कसं तपासू?

गॅमा सोर्स असेल तर अंतर बदलत वाचनं घ्या, प्रत्येक वाचन करेक्ट करा, बॅकग्राउंड वजा करा आणि अंतराच्या समोर `1/sqrt(n)` काढा. सरळ रेघ यायला हवी. ती ओरिजिनमधून गेली नाही तर घाबरू नका, ट्यूबच्या आत नक्की कुठून अंतर मोजायचं ते आपल्याला माहीत नसतं आणि तो फरक इंटरसेप्टमध्ये जातो. आता जवळच्या अंतरांकडे बघा: बिंदू रेघेच्या वर गेले तर `τ` कमी घेतलाय, खाली गेले तर जास्त. बीटा सोर्सने हे करू नका, हवेतच बीटा अडतात आणि त्या वाकाचं खापर डेड टाइमवर फुटतं.

डिपार्टमेंटला सीझियम-बेरियमचा जनरेटर असेल तर त्याहून छान. बेरियम-१३७एम चं हाफ लाइफ साधारण अडीच मिनिटं, म्हणजे एका तासाच्या प्रॅक्टिकलमध्ये रेट खूप वरून खाली बॅकग्राउंडपर्यंत येतो. `m*exp(λt)` हे `m` च्या समोर काढा, सरळ रेघ आली तर नॉन-पॅरलायझेबल मॉडेल बसतंय, इंटरसेप्ट सुरुवातीचा खरा रेट `n0` देतो आणि उतार `-n0*τ`. दोन सोर्स हलवायची भानगडच नाही.

१२. फॉर्म्युला आहे म्हटल्यावर कितीही जास्त रेट घेतला तरी चालेल ना?

नाही. `mτ` ०.३ ते ०.४ च्या पुढे गेला की मी वाचन मान्य करत नाही. कारण बघा: आपल्या ट्यूबवर ५००० दिसले तर १४९ ने खरा रेट १९,६०० येतो, १४६ धरला तर १८,५००, १५२ धरला तर २०,८००. `τ` मधल्या तीन मायक्रोसेकंदांनी दोन्ही बाजूंना हजार-हजार काउंट्स हलले, आणि त्यावर पुन्हा मॉडेलचा फरक (प्रश्न ४) आहेच. शिवाय इतक्या रेटला ट्यूब पूर्ण सावरायच्या आत पुढचा डिस्चार्ज होतो, पल्स लहान होतात, काही थ्रेशोल्डखाली जातात आणि `τ` स्वतःच बदलतो. म्हणून `τ` काढताना रेट साधारण प्रयोगात वापरणार तेवढाच ठेवावा.

उपाय सोपे आहेत: सोर्स लांब न्या, नाहीतर लहान ट्यूब घ्या. अजून एक म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समध्ये मुद्दाम ठरावीक, समजा ५०० मायक्रोसेकंदांचा, डेड टाइम लावायचा. काउंट्स जास्त हरवतात, पण ट्यूबच्या पूर्ण रिकव्हरीपेक्षा हा काळ मोठा असेल तर ट्यूबचे नखरे त्याच्या आत झाकले जातात आणि `τ` अचूक माहीत असतो.

१३. सर्व्हे मीटर सोर्सच्या जवळ नेल्यावर रीडिंग कमी झालं. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि या पानावरची ही एकच गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पॅरलायझेबल वागणाऱ्या काउंटरमध्ये खरा रेट वाढत गेला की मोजलेला रेट आधी वाढतो, `n = 1/τ` ला शिखर गाठतो आणि मग खाली येतो. आपल्या ट्यूबला ते मॉडेल लावलं तर शिखर खऱ्या ६७०० ला येतं आणि तिथे स्केलरवर दिसतात फक्त २४७०. १९१९ दिसले तर खरा रेट ३००० असू शकतो किंवा जवळपास १२,७००, आकड्यावरून कळणार नाही. फील्ड फारच जास्त असेल तर ट्यूब सतत बंद राहून काटा शून्याकडेही जाऊ शकतो.

टीटीसी पट्ट्यात किंवा तळोज्याला इंडस्ट्रियल रेडिओग्राफीच्या साइटवर इंटर्नशिप करणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: मीटर चालू करून लांबून जवळ जायचं, काटा वाढत जाताना बघायचा, आणि जवळ जाताना तो घसरला तर 'कमी झालं' असं न समजता मागे फिरून आरएसओंना सांगायचं. चांगल्या मीटरमध्ये अशा वेळी फुल स्केल दाखवायची सोय असते, तुमच्या मीटरमध्ये आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. जास्त फील्डला आयन चेंबर वापरतात, तो पल्स मोजत नाही, करंट मोजतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

१४. प्रपोर्शनल काउंटर पण गॅसचाच, मग त्याला हेच करेक्शन लावायचं का?

फॉर्म्युला तोच, `τ` फार लहान. प्रपोर्शनलमध्ये अॅव्हलांश तारेच्या एका छोट्या भागातच राहतो, बाकीची तार जागी असते, त्यामुळे मर्यादा बहुतेक वेळा अॅम्प्लिफायरच्या पल्सच्या रुंदीची असते, काही मायक्रोसेकंद.

१५. लिनॅकजवळ जीएमने मोजलं. रेट १५० आला, करेक्शन फक्त दोन टक्के. मग बाकीच्या मीटरपेक्षा इतकं कमी का?

हा प्रश्न खारघर, नेरूळकडे हॉस्पिटलच्या फिजिक्स डिपार्टमेंटला प्रोजेक्ट करणाऱ्यांकडून येतो. वरची सगळी सूत्रं असं धरून चालतात की कण वेळेत कुठेही, एकसारख्या शक्यतेने येतात. लिनॅक तसा नाही, तो काही मायक्रोसेकंदांचे झटके देतो, सेकंदाला समजा २००, आणि मधले पाच मिलिसेकंद काहीच नसतं. झटका `τ` पेक्षा खूप छोटा, म्हणून एका झटक्यात एक कण आला काय आणि दहा आले काय, ट्यूब एकच मोजणार. आणि मधल्या वेळात ती पूर्ण सावरते. म्हणजे इथे `τ` चा आकडा बिनकामाचा आहे, मर्यादा झटक्यांच्या संख्येची, `f` ची:

```
n = -f * math.log(1 - m/f)
```

`f` २०० आणि `m` १५० टाकले तर खरा रेट २७७ येतो. नेहमीच्या सूत्राने १५३ आला असता. `m` हा `f` च्या जवळ पोचला, म्हणजे दर झटक्याला एक काउंट यायला लागला, की वाचनात डोसची काही माहितीच उरत नाही, फक्त मशीनची फ्रिक्वेन्सी उरते. तपासायची युक्ती अशी की मीटर थोडं पुढे-मागे करा: अंतर बदलूनही रेट हलत नसेल आणि आकडा मशीनच्या पल्स रेटला चिकटलेला असेल तर ते वाचन सोडून द्या आणि त्या जागी आयन चेंबर लावा.